मृत्युपत्रात ‘माझ्या मुलांना’ असं लिहिलंय आणि एक मुलगा वडिलांच्या आधी गेला, तर त्याचा वाटा कुणाचा?

चाफा

कायद्याची जाण असलेल्यांना विचारायचं आहे. सासऱ्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं होतं. त्यांना तीन अपत्यं: थोरले दीर, माझे पती आणि धाकट्या नणंदबाई. माझे पती आधी गेले, नंतर सासरे. मधल्या काळात त्यांनी मृत्युपत्रात काहीच बदल केला नाही. सासूबाई आहेत. मला एक मुलगा, एक मुलगी.

मृत्युपत्रात तीन कलमं आहेत. मजकूर साधारण असा:

राहती सदनिका माझ्या पश्चात माझ्या मुलांना समान वाट्याने मिळावी.

बँकेतील मुदत ठेवी माझा थोरला मुलगा अमुक, धाकटा मुलगा तमुक आणि मुलगी अमुक यांना प्रत्येकी एक तृतीयांश मिळाव्यात.

याव्यतिरिक्त जे काही असेल ते माझ्या पत्नीस.

सदनिका सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे. ‘मुलांना’ यात नणंदबाईही येतात, यावर घरात वाद नाही. वाद आमच्या वाट्याचा आहे. दीर म्हणतात, भाऊ आधी गेला म्हणजे त्याच्या नावाचं सगळंच संपलं. नणंदबाई म्हणतात, असं कसं संपेल, त्याची मुलं आहेत ना, दोन्हीकडे तिसरा हिस्सा त्यांचाच. दोघंही चांगली माणसं आहेत, भांडण नाही. पण खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही.

तिरकस

ठेवींना नॉमिनी कोण आहे ते आधी बघा. नॉमिनी असेल तर मृत्युपत्र बाजूला राहतं, बँक त्यालाच पैसे देते. आमच्याकडे असंच झालं. एका नातेवाइकाने सगळे पैसे उचलले आणि आम्ही बघत बसलो.

जुनाखातेदार

तिरकस, बँक नॉमिनीला पैसे देते हे खरं, पण मालक म्हणून नाही. बँकेची जबाबदारी संपावी एवढ्यासाठी ती व्यवस्था असते. नॉमिनीने ते पैसे ज्यांचा हक्क त्यांना द्यायचे असतात, आणि हक्क कुणाचा हे मृत्युपत्र सांगतं. तुमच्या नातेवाइकाकडून ते मागता आले असते. असो, इथला प्रश्न तो नाही.

चाफाताई, तुमच्या दीरांचं एका कलमाबाबत बरोबर असू शकतं आणि नणंदबाईंचं दुसऱ्या कलमाबाबत. दोन कलमांची भाषा वेगळी आहे आणि इथे सगळा खेळ भाषेचा आहे.

आधी सोपं, म्हणजे ठेवींचं कलम. तिथे तिघांची नावं आहेत आणि प्रत्येकाचा हिस्साही सांगितला आहे. ज्याच्या नावे काही ठेवलं तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी गेला तर ते दान लॅप्स होतं, हा सर्वसाधारण नियम. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम १०५. दीर बहुधा याच्यावर बोट ठेवत असणार. पण कलम १०९ मध्ये त्याला एक मोठा अपवाद आहे. दान स्वतःच्या अपत्याला किंवा नातवंडा-पणतवंडाला केलेलं असेल, ते अपत्य आधी गेलं असेल, पण त्याचं एखादं मूल किंवा नातवंड मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी हयात असेल, तर दान लॅप्स होत नाही. मृत्युपत्रात उलट इच्छा दिसत नसेल तर, अर्थातच. तुमची दोन मुलं हयात आहेत, त्यामुळे ठेवींचा तिसरा हिस्सा वाचला.

सदनिकेचं कलम मात्र अडचणीचं आहे. तिथे नावं नाहीत, फक्त ‘माझ्या मुलांना’. असं एका समूहाला नुसत्या वर्णनाने दिलं की कलम १११ लागू होतं. त्या समूहातले जे मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी हयात असतील, फक्त त्यांना मिळतं. तसं पाहिलं तर सदनिका दीर आणि नणंदबाई यांची, निम्मी-निम्मी. तुमच्याकडे शून्य.

हे सगळं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांनाही लागू आहे. मुस्लिमांच्या मृत्युपत्रांचे नियम वेगळे.

दूरदेशी

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इकडे असं होत नाही. ‘माझ्या मुलांना’ असं मोघम लिहिलं असलं तरी आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना जातो. मूळ कायदा इंग्रजांचाच ना? मग तिकडेही तसंच असणार. जुनाखातेदारांनी पुन्हा एकदा तपासून बघावं.

जुनाखातेदार

दूरदेशी, तुमच्याकडचं तुम्ही बरोबर सांगताय, पण ते १९८२ च्या दुरुस्तीनंतरचं. तिकडच्या १८३७ च्या विल्स अॅक्टचं कलम ३३ आधी आपल्या १०९ सारखंच होतं. नाव घेऊन दिलेलं वाचायचं, समूहाला दिलेलं वाचायचं नाही. १९८२ मध्ये त्यांनी ते बदललं. आता मृत अपत्याचा वाटा थेट त्याच्या मुलांना जातो, आणि समूहाला दिलेल्या दानालाही तोच नियम लागतो. आपण तो नियम १८६५ च्या कायद्यात घेतला, तिथून १९२५ च्या कायद्यात आणला आणि तसाच ठेवला. त्यांनी त्यांचं घर दुरुस्त केलं, आपण जुन्या नकाशावरच राहतोय.

यातून आणखी एक फरक पडतो, तो चाफाताईंसाठी महत्त्वाचा आहे. कलम १०९ मुळे वाचलेला वाटा थेट नातवंडांना जात नाही. कायदा असं धरून चालतो की तुमचे पती सासऱ्यांच्या मृत्यूनंतर लगेच गेले. म्हणजे तो हिस्सा आधी पतींच्या मिळकतीत येतो आणि तिथून त्यांच्या वारसांना. नातवंडं हयात असणं ही फक्त दार उघडण्याची अट आहे. आत कोण जाणार, ते पतींच्या वारसांवरून ठरतं.

पतींचं मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांचे पहिल्या वर्गाचे वारस चार: तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई. आईसुद्धा मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ठेवींच्या एक तृतीयांशाचे चार सारखे भाग, म्हणजे प्रत्येकाला एकूण ठेवींचा बारावा हिस्सा. तीन बारांश तुमच्याकडे, एक सासूबाईंकडे.

ओसरी

हे वाचून धस्स झालं. आमच्याकडे वडिलांनी ‘सर्व मिळकत माझा मुलगा अमुक व मुलगी अमुक यांना निम्मी-निम्मी’ एवढंच लिहिलं होतं, दुसरं कलमच नाही. भाऊ आधी गेला, त्याला मूल नव्हतं, वहिनी आहेत. नंतर वडील गेले. आई आहे. मी आतापर्यंत धरून चालले होते की सगळं माझं. वहिनींनी काही मागितलंही नाही. आता काय?

रानवारा

ओसरी, वहिनींना काही मिळणार नाही. नाव होतं भावाचं, भाऊ आधी गेला, मूल नाही, म्हणजे कलम १०९ लागू नाही. राहिलेलं तुमचं. सरळ आहे.

जुनाखातेदार

रानवारा, पहिली पायरी बरोबर चढलात, दुसरी चुकली. भावाला मूल नव्हतं, म्हणून १०९ नाही, हे खरं. पण लॅप्स झालेला वाटा आपोआप उरलेल्या भावंडाकडे जात नाही. तसं व्हायला दान दोघांना एकत्रित दिलेलं असावं लागतं, म्हणजे ‘अमुक व अमुक यांना’ एवढंच, वाटे न सांगता. मग कलम १०६ प्रमाणे एक गेला तर दुसऱ्याला पूर्ण. इथे ‘निम्मी-निम्मी’ लिहिलं आहे. ‘समान वाट्याने’, ‘प्रत्येकी’, ‘निम्मी’ असे शब्द आले की वेगवेगळे वाटे ठरले, आणि मग १०७ प्रमाणे लॅप्स झालेला वाटा उर्वरित मिळकतीत पडतो.

ओसरी, तुमच्या वडिलांनी सर्वच मिळकत या एका वाक्यात दिली. वेगळी ‘उर्वरित’ अशी काही राहिलीच नाही, कारण हे वाक्यच उर्वरिताचं आहे. अशा वेळी १०८: तो निम्मा भाग मृत्युपत्राविना राहिल्यासारखा धरायचा आणि वडिलांच्या वारसांत वाटायचा. वडिलांचे पहिल्या वर्गाचे वारस: आई, तुम्ही आणि आधी गेलेल्या मुलाची विधवा, म्हणजे वहिनी. तिघींना त्या निम्म्याचा तिसरा-तिसरा भाग, एकूण मिळकतीचा सहावा हिस्सा प्रत्येकी. तुमचा स्वतःचा निम्मा अधिक सहावा मिळून दोन तृतीयांश. आईला एक षष्ठांश, वहिनींना एक षष्ठांश.

वडिलांनी नावं न घालता ‘माझ्या मुलांना’ लिहिलं असतं तर सगळं तुमचं झालं असतं.

ओसरी

म्हणजे आईचाही हिस्सा आहे आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही. कागद पुन्हा काढते. वहिनींना काय सांगायचं याचा आधी विचार करायला हवा.

चाफा

जुनाखातेदार, खूप खूप धन्यवाद. दोन गोष्टी. पहिली, पतींनी स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं. त्यात ‘मृत्यूसमयी माझ्या मालकीची सर्व मिळकत पत्नीस’ असं आहे. याने काही फरक पडतो का? दुसरी, धंद्यासाठी त्यांनी घेतलेल्या कर्जाची थोडी बाकी अजून आहे. ती मी फेडतेच आहे, पण विचारते.

जुनाखातेदार

खूप फरक पडतो. पतींचं मृत्युपत्र वैध असेल तर ठेवींचा तो पूर्ण तिसरा हिस्सा तुमचा. सासूबाईंचा बारावा हिस्सा गेला आणि मुलांचेही गेले. कायद्यातच कलम १०९ खाली अगदी अशाच कुटुंबाचं उदाहरण दिलं आहे: मुलगा वडिलांआधी गेला, त्याला मुलगा आहे, आणि त्याने आपली सगळी मिळकत मृत्युपत्राने बायकोला दिली आहे. तिथे रक्कम बायकोला मिळते, नातवाला नाही.

पतींच्या मृत्यूच्या वेळी ही ठेव त्यांच्या मालकीची नव्हती, असा कुणी मुद्दा काढेल. पण कायदा मुळात धरूनच चालतो की ते वडिलांनंतर गेले, त्यामुळे त्या काल्पनिक क्षणी हिस्सा त्यांचा होता.

कर्जाचं तसंच. वाटा पतींच्या मिळकतीतून येतोय, म्हणजे सावकारालाही तिथपर्यंत पोचता येतं. वाटा थेट नातवंडांना गेला असता तर त्याला हात लावता आला नसता. इंग्लंडने नियम बदलला त्यातून झालेला हा एक फायदाच म्हणायचा.

तिरकस

पण सदनिकेचं काय? ठेवींपेक्षा मोठी चीज तीच असणार. आणि मला एक कळत नाही. १०९ मध्ये ‘कोणत्याही अपत्याला केलेलं दान’ असं आहे ना? ‘माझ्या मुलांना’ म्हणजेही अपत्यांनाच दिलं की. मग १०९ तिथे का लावायचं नाही?

जुनाखातेदार

चांगला प्रश्न, आणि वकील हाच मांडतात. उत्तर असं दिलं जातं: समूहाला दिलं की समूहात कोण कोण आहे हे मृत्यूच्या दिवशी ठरतं. जो त्या दिवशी हयात नाही तो समूहात आलाच नाही. त्याला दान झालंच नाही, मग लॅप्स कशाचं व्हायचं आणि १०९ ने वाचवायचं काय? कलम १११ खालचं पहिलंच उदाहरण असं आहे की, एकाने ‘ब च्या मुलांना’ हजार रुपये ठेवले, ब आधीच वारला होता, त्याची तीन मुलं होती. त्यातलं एक मृत्युपत्रानंतर पण मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी वारलं. पैसे उरलेल्या दोघांना, तिसऱ्याच्या वारसांना काही नाही.

हां, त्या उदाहरणात मुलं दुसऱ्याची आहेत, स्वतःची नाहीत, आणि १०९ फक्त स्वतःच्या वंशजांसाठी आहे. त्यामुळे तिरकस म्हणतात तो मुद्दा मांडायला वाव आहे. पण मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. जुन्या इंग्रजी निकालांनी त्याच शब्दांचा अर्थ समूहाच्या विरोधात लावला होता. तिकडे बदल करायला संसदेलाच कायदा दुरुस्त करावा लागला, हेच पुरेसं बोलकं आहे.

चाफाताई, तुमच्यासाठी खरा मार्ग दुसरा आहे. सदनिकेचं वाक्य शब्दशः टंका. ‘साधारण असा’ चालणार नाही. एखादा शब्द इकडेतिकडे असेल तर निकाल बदलतो.

चाफा

मूळ कागद दीरांकडे आहे, फोटो मागवला. शब्दशः: ‘माझी राहती सदनिका माझ्या पश्चात माझ्या तिन्ही मुलांना समान वाट्याने मिळावी.’

जुनाखातेदार

‘तिन्ही’. हाच शब्द शोधत होतो.

कलम १११ नुसत्या वर्णनाने दिलेल्या समूहाबद्दल बोलतं. मूळ इंग्रजीत ‘सिम्पली’ असा शब्द आहे. आकडा घातला की ते नुसतं वर्णन उरलं का? समूहाची संख्या बदलती असते, कमी-जास्त होऊ शकते, म्हणून तर त्याला समूह म्हणायचं. ‘तिन्ही’ म्हणणारा माणूस विशिष्ट तिघांचा विचार करतोय असं म्हणता येतं. इंग्रजी निकालांत आकडा किंवा नावं घातली की ते व्यक्तींना दिलेलं मानण्याकडे कल दिसतो. त्यात ‘समान वाट्याने’ आहे. व्यक्तींना वेगवेगळे वाटे, असं वाचलं की १०९ लागू, आणि सदनिकेचाही तिसरा हिस्सा पतींच्या मिळकतीत, म्हणजे त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे तुमच्याकडे.

मृत्युपत्र पूर्ण वाचून कलमाचा अर्थ लावायचा असतो, हे कायदाच सांगतो, कलम ८२. त्याचा फायदा दोन्ही बाजू घेतील. तुमचा वकील म्हणेल, ठेवींच्या कलमात तिघांची नावं आहेत, सदनिकेतले ‘तिन्ही’ तेच तिघं. दिरांचा वकील म्हणेल, सासऱ्यांना नावं घालून लिहिता येत होतं, ठेवींना घातली, सदनिकेला मुद्दाम घातली नाहीत, म्हणजे तिथे हयात असतील त्यांनाच द्यायचं होतं. मला पहिला युक्तिवाद वजनदार वाटतो. पण न्यायालयात काय होईल याची खात्री मी देणार नाही.

दूरदेशी

सासऱ्यांनी नंतर कुणाला काही सांगितलं होतं का? ‘याचा वाटा नातवंडांना’ असं काही? त्याचा पुरावा देता येईल ना?

चाफा

हो, पती गेल्यावर ते एक-दोनदा म्हणाले होते, ‘तुमचं आहे ते आहेच.’ नणंदबाईंनीही ऐकलंय.

जुनाखातेदार

माणूस म्हणून ते मोलाचं आहे, पण पुरावा म्हणून दुबळं. मृत्युपत्राच्या शब्दांतच संदिग्धता असेल तर करणाऱ्याची इच्छा काय होती हे दाखवायला बाहेरचा पुरावा घेता येत नाही, कलम ८१. ‘तिन्ही मुलांना’ म्हणजे व्यक्ती की समूह, ही शब्दांतलीच संदिग्धता. आसपासची परिस्थिती, म्हणजे मुलं किती होती, कोण कोण होतं, हे न्यायालय पाहू शकेल. पण ‘नंतर मला असं म्हणाले’ याने वाक्याचा अर्थ बदलत नाही. त्यांना बदल करायचाच होता तर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन पुरवणी मृत्युपत्र करता आलं असतं.

तुमच्या घरात भांडण नाही म्हणालात. तर त्याचाच उपयोग करा. निकालाची वाट बघण्याऐवजी दीर आणि नणंदबाईंबरोबर बसून लेखी कौटुंबिक समझोता करा. सदनिका तीन वाट्यांत मान्य असेल तर ते नोंदणीकृत दस्तात येऊ द्या. तोंडी ठेवू नका. मुलं अज्ञान असतील आणि त्यांच्या हक्काचा भाग कुठे सुटत असेल, तर न्यायालयाची परवानगी लागेल का हे आधी वकिलाला विचारा.

रानवारा

माझा वेगळा प्रश्न. मी स्वतःचं मृत्युपत्र लिहायला घेतलंय. दोन मुलगे, एक मुलगी. वरचं सगळं वाचून वाटतंय नावंच घालावीत. की ‘माझ्या सर्व अपत्यांना’ लिहावं, म्हणजे कुणी सुटायला नको?

जुनाखातेदार

समूहाने लिहिण्याचा फायदा एकच: मृत्युपत्रानंतर जन्मलेलं किंवा दत्तक घेतलेलं अपत्य आपोआप आत येतं. तुमच्या वयात पुढे तो प्रश्न येणार नसेल तर नावं घाला. पण नुसती नावं घालून थांबलात तर १०९ च्या भरवशावर राहाल आणि वाटा मुलाच्या मृत्युपत्राकडे किंवा त्याच्या सावकाराकडे जाईल. म्हणून नावांनंतर तिथेच लिहा की एखादं अपत्य माझ्याआधी गेलं तर काय. साधारण असं:

‘माझी अपत्ये (तिघांची पूर्ण नावे) यांना प्रत्येकी एक तृतीयांश. यांपैकी कोणी माझ्या आधी मरण पावल्यास त्याचा एक तृतीयांश वाटा त्याच्या त्या वेळी हयात असलेल्या अपत्यांना समान विभागून मिळावा. त्यास कोणतेही अपत्य हयात नसल्यास तो वाटा माझ्या हयात असलेल्या इतर अपत्यांना समान मिळावा.’

‘त्याचा वाटा’ हे शब्द सोडू नका. बरेच जण लिहितात, ‘माझी हयात अपत्ये व मयत अपत्याची अपत्ये यांना समान’. समजा तुमचा एक मुलगा गेला आणि त्याला दोन मुलं आहेत. तर या वाक्याने डोकी मोजली जातात: हयात दोघं आणि नातवंडं दोघं, प्रत्येकी पाव. तुमची हयात मुलं तिसऱ्या हिश्श्यावरून पावावर येतात आणि नातवंडांचा मिळून अर्धा होतो. तुम्हाला फांदीनुसार हवं असणार, म्हणजे हयात मुलांना प्रत्येकी तिसरा आणि दोन नातवंडांना मिळून तिसरा, म्हणजे एक षष्ठांश एकेकाला.

रानवारा

आणि सुनेला द्यायचं असेल तर? नातवंडं लहान असतील तर पैसे सांभाळणार ती, तिलाच दिलेलं बरं नाही का?

जुनाखातेदार

तसं हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘त्याच्या पत्नीस’ किंवा ‘त्याच्या पत्नीस व अपत्यांना समान’. काहीच लिहिलं नाहीत तर सुनेला मिळेल की नाही हे तुमच्या मुलाचं मृत्युपत्र आहे की नाही यावर लटकतं. जावयाचंही तसंच. मुलगी आधी गेली, तिचं मृत्युपत्र नसेल, तर १०९ ने वाचलेला तिचा वाटा तिच्या मुलांना आणि नवऱ्याला सारखा. काहींना ते चालतं, काहींना नाही. तुम्ही ठरवा, आणि अज्ञान नातवंडांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत कोण सांभाळेल तेही नाव घालून लिहा.

उर्वरित मिळकतीचं कलम विसरू नका. ओसरींच्या घरी तेच नव्हतं. आणि त्या कलमातही हाच ‘आधी गेल्यास’ मजकूर हवा. उर्वरितातच एखादा वाटा लॅप्स झाला तर तो पुन्हा मृत्युपत्राबाहेर जातो.

तिरकस

माझाही एक प्रसंग, जरा उलटा. वडिलांनी लिहिलं होतं, घर आईला हयातभर, तिच्यानंतर ‘माझ्या मुलांना’. वडील गेले, मग माझा भाऊ गेला, मग आई. आम्ही भावाच्या घरच्यांना सांगितलं की तुमचं काही नाही, कारण घर मिळायची वेळ आली तेव्हा तो नव्हता. बरोबर ना?

जुनाखातेदार

नाही. तुमचा भाऊ वडिलांच्या मृत्यूच्या वेळी हयात होता का? होता. मग तो समूहात होता. १११ ला तिथेच अपवाद आहे: नात्याने वर्णन केलेल्या समूहाला दिलेलं असेल आणि ताबा पुढे ढकललेला असेल, तर ताब्याच्या वेळी जे हयात त्यांना, आणि जे मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर मधल्या काळात गेले त्यांच्या वारसांनाही. चाफाताईंचे पती सासऱ्यांच्या आधी गेले, तुमचा भाऊ वडिलांच्या नंतर. सगळा फरक तिथे आहे. मृत्यूचे दाखले काढून तारखा लावून बघा.

तिरकस

घर अजून विकलेलं नाही. वहिनींशी बोलायला हवं म्हणजे.

चाफा

नणंदबाईंना हा धागा वाचून दाखवला. दीरांनाही ‘तिन्ही’वाला प्रतिसाद पाठवला. ते म्हणाले, वकिलाकडे एकत्र जाऊ, पण सदनिकेच्या बाबतीत आत्ताच हो म्हणत नाही. ठेवींचं त्यांना मान्य आहे. एकच शंका: सासऱ्यांचे थोडे शेअर्स निघाले आहेत, त्यांचा मृत्युपत्रात उल्लेखच नाही. त्यात आमचा वाटा?

जुनाखातेदार

नाही. शेवटचं कलम ‘याव्यतिरिक्त जे काही असेल ते पत्नीस’. शेअर्स पूर्णपणे सासूबाईंचे. त्यांना त्यांचंही मृत्युपत्र आत्ताच करायला सांगा, आणि त्यात नातवंडांचं काय ते नावानिशी लिहायला सांगा.